लेआउट जागेवर बसवताना: चार दगड आणि एक चुकीचा कोपरा

काम ऐकायला सोपं होतं. आर्किटेक्टच्या ऑफिसकडून एका लेआउटची डीडब्ल्यूजी, म्हणजे कॅड ड्रॉइंगची, फाइल आली होती. रस्ते, प्लॉट, मोकळी जागा, सगळं आखून तयार. आमच्याकडे त्या भागातल्या भूखंडांचा, म्हणजे जुन्या भूमापन नकाशांवरून डिजिटाइझ केलेल्या पार्सलचा लेयर आधीपासून होता. लेआउट त्या पार्सलवर बसवायचा, प्रत्येक प्लॉट कोणत्या मूळ भूखंडात पडतो ते काढायचं आणि लेयर पुढे द्यायचा. मी दोन दिवस धरले होते. प्रत्यक्षात दोन आठवडे गेले आणि त्यातला बराचसा वेळ मी स्वतःच केलेलं काम उसवण्यात गेला.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये `Project > Import/Export > Import Layers from DWG/DXF…` मधून फाइल घेतली. ड्रॉइंगमधल्या रेषा, मजकूर, ब्लॉक वेगवेगळे होऊन एका जिओपॅकेजमध्ये उतरले. आयात करतानाच को-ऑर्डिनेट सिस्टिम विचारली जाते. पार्सलचा लेयर `EPSG:32643` मध्ये होता, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर ही मीटरमधली जाळी. मी तीच निवडली. पार्सल उघडले तर लेआउट कुठेच नाही. `Zoom to Layer` केलं तेव्हा नकाशा थेट समुद्रात गेला, श्रीलंकेजवळ, बंगालच्या उपसागरात.

असं होण्याचं कारण सरळ आहे, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात नीट उतरलेलं नव्हतं. को-ऑर्डिनेट सिस्टिम लावणं म्हणजे आकड्यांना अर्थ देणं. फाइलमधला एकही आकडा त्याने बदलत नाही. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमधले आकडे यूटीएमचे नव्हतेच. सर्वेअरने एका कोपऱ्याला स्वतःच्या सोयीने किंमत दिली होती आणि तिथून सगळं मोजलं होतं. मी त्या आकड्यांवर यूटीएमचं लेबल चिकटवलं. यूटीएममध्ये झोनच्या मध्य रेखावृत्ताला पूर्वेची किंमत ५,००,००० मीटर असते आणि उत्तर गोलार्धात उत्तरेची किंमत विषुववृत्तापासून मोजतात. या ड्रॉइंगमधले आकडे दहा लाखांच्या पुढचे होते, त्यामुळे ते मध्य रेखावृत्ताच्या कितीतरी पूर्वेला आणि विषुववृत्तापासून हजारेक किलोमीटरवरच जाऊन पडणार. सॉफ्टवेअरने माझं म्हणणं शब्दशः ऐकलं होतं.

नंतर मी आकार पाहिला. लेआउटची हद्द चार कोपऱ्यांची, जवळजवळ आयताकृती आहे. लेयरच्या माहितीत तिची रुंदी साधारण ४,१२,६०० दिसत होती. मीटर धरले तर ४१२ किलोमीटर. अर्थात हे मिलिमीटर होते. फाइलच्या हेडरमध्ये एकक सांगणारं `$INSUNITS` नावाचं चल असतं. मीटरसाठी त्यात ६ आणि मिलिमीटरसाठी ४ लिहिलेलं असतं. या फाइलमध्ये ६ होतं. म्हणजे हेडर मीटर सांगत होतं आणि रेषा मिलिमीटरमध्ये काढलेल्या होत्या. तेव्हापासून मी हेडरवर विसंबत नाही. ड्रॉइंगमधली माहीत असलेली एखादी लांबी मोजते. इथे रस्त्यावर १२ मीटर असं लिहिलेलं होतं आणि मोजल्यावर १२००० आलं, म्हणजे शंकाच उरली नाही.

इथपर्यंत ठीक होतं. खरी चूक मी यानंतर केली.

क्यूजीआयएसच्या ३.२६ आवृत्तीपासून `Georeferencer` मध्ये व्हेक्टर फाइलही घेता येते. मी लेआउट त्यात उघडला, हद्दीचे चार कोपरे धरले आणि पार्सलच्या लेयरमधले त्याच भूखंडाचे चार कोपरे त्यांना जोडले. रूपांतर `Polynomial 1` निवडलं. एका झटक्यात लेआउट पार्सलवर असा बसला की रेषेवर रेषा. चार बिंदूंच्या चुका अगदी थोड्या दिसत होत्या. मी समाधानाने पुढचं काम सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सहज एका रस्त्याची रुंदी मोजली. ११.९३ मीटर. आधी वाटलं, स्नॅपिंग नीट झालं नसेल. पुन्हा मोजली, तेवढीच. मग हद्दीच्या बाजू मोजल्या. ड्रॉइंगमध्ये ४१२.६० मीटर असलेली लांब बाजू आता ४१४ मीटरच्या वर गेली होती आणि २५७.४३ मीटरची आखूड बाजू २५६ पर्यंतही पोचत नव्हती. काटकोन काटकोन राहिले नव्हते. `Polynomial 1` म्हणजे अफाइन रूपांतर. त्यात आडवं आणि उभं प्रमाण वेगवेगळं होऊ शकतं आणि आकृती तिरपीही होते. जमिनीवर सेंटीमीटरपर्यंत मोजलेलं ड्रॉइंग मी ओढून ताणून अशा नकाशाशी जुळवलं होतं, जो मुळात कागदावरून आला होता.

तो कागद १:४००० प्रमाणाचा होता. त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे जमिनीवर दोन मीटर. शाईची रेषाच तेवढी जाड असू शकते. त्यावर कागदाचं आकुंचन, स्कॅनिंग आणि डिजिटाइझ करणाऱ्याचा हात. अशा लेयरचा कोपरा दीड-दोन मीटर इकडेतिकडे असणं हा त्याचा दोष म्हणता येत नाही, त्याची मर्यादाच ती आहे. माझी चूक अशी की ढोबळ वस्तू मी प्रमाण मानली आणि नेमकी वस्तू तिच्या मापात कापली. चार बिंदूंच्या चुका कमी दिसत होत्या, कारण मी रूपांतराला वाकायला मोकळीक दिली होती.

मग मी मोजणी करणाऱ्या सर्वेअर काकांना फोन केला. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, पण दगड कुठे आहेत ते बघितलंस का?"

"कुठले दगड, काका?"

"हद्दीचे. मी ज्यांवरून मोजणी बांधली ते. ड्रॉइंगमध्ये चारी आहेत, जागेवरही आहेत. त्यांचे यूटीएम आकडे घे, पार्सलच्या कोपऱ्यांचे नको."

आर्किटेक्टच्या ऑफिसात जाऊन मूळ ड्रॉइंग बघितलं. तिथल्या मुलाने `ID` कमांड देऊन पहिल्या दगडावर क्लिक केलं तर ०,० आलं. माझ्याकडच्या लेयरमध्ये त्याच बिंदूला १०,००,००० आणि १०,००,००० होतं. क्षणभर वाटलं फाइलच वेगळी आहे. पण त्याने सोयीसाठी स्वतःची अक्ष-रचना, यूसीएस, लावून ठेवली होती आणि `ID` त्या चालू रचनेतले आकडे दाखवतं. `UCS` देऊन `World` निवडलं, पुन्हा विचारलं आणि आकडे जुळले. जीआयएस नेहमी वर्ल्डचे आकडे वाचतं. कोणी फोनवरून को-ऑर्डिनेट सांगत असेल तर मी आता आधी हे विचारते. सर्वेअर काकांनी पहिल्या दगडाला १०००, १००० मीटर धरलं होतं आणि आर्किटेक्टने ते हजारपट करून मिलिमीटर केले होते. कोडं तिथेच सुटलं.

तीन दिवसांनी काका रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र, घेऊन साइटवर आले. चारही दगडांचे यूटीएममधले आकडे घेतले. शिवाय पाण्याच्या टाकीचा एक कोपरा आणि वीजवाहिनीच्या मनोऱ्याचा एक पाय घेतला, कारण दोन्ही ड्रॉइंगमध्ये होते. हे दोन बिंदू जुळवणीत वापरायचे नाहीत, फक्त तपासायला ठेवायचे, असं त्यांनी बजावून सांगितलं.

ऑफिसात आल्यावर जुळवणीला हात लावायच्या आधी मी दगडांमधली अंतरं एकमेकांशी ताडून पाहिली. यासाठी फिरवणं किंवा सरकवणं काहीच लागत नाही, कारण आकृती कशीही फिरवली तरी दोन बिंदूंमधलं अंतर तेच राहतं. दगडांना अ, ब, क, ड म्हणू. अ ते ब ड्रॉइंगमध्ये ४१२.६० मीटर, रोव्हरच्या आकड्यांवरून ४१२.४०. ब ते क २५७.४३ आणि २५७.३०. अ ते क हा कर्ण ४८६.३२ आणि ४८६.०८. म्हणजे यूटीएममधलं प्रत्येक अंतर थोडं कमी. मी घाबरले. वीस-चोवीस सेंटीमीटरची चूक टोटल स्टेशनची, म्हणजे ज्या यंत्राने ड्रॉइंगची मोजणी झाली होती त्याची, असू शकत नाही आणि रोव्हरचीही नाही.

कमी असण्याचं प्रमाण पाहिलं तेव्हा जीवात जीव आला. तिन्ही अंतरांत घट जवळपास एकाच प्रमाणात होती, किलोमीटरला ४९ सेंटीमीटर. चूक असती तर ती इतकी सारखी पसरली नसती. यूटीएमच्या मध्य रेखावृत्तावर प्रमाण मुद्दाम ०.९९९६ ठेवलेलं असतं, म्हणजे किलोमीटरला ४० सेंटीमीटर कमी. आमची साइट मध्य रेखावृत्ताच्या बरीच जवळ आहे. उरलेले ९ सेंटीमीटर उंचीचे. साइट पृथ्वीचा गणिती आकार म्हणून धरलेल्या लंबगोलापासून साधारण ५७० मीटर वर आहे आणि प्रक्षेपण लंबगोलाच्या पृष्ठभागावरचं असतं. ५७० ला पृथ्वीच्या ६३,७१,००० मीटर त्रिज्येने भागलं की किलोमीटरला ९ सेंटीमीटरच निघतात. टोटल स्टेशन जमिनीवरचं अंतर देतं आणि यूटीएम जाळीवरचं. दोन्ही बरोबर होते, पण एक गोष्ट मोजत नव्हते.

त्यामुळे कोणतं रूपांतर वापरायचं हेही ठरलं. हेल्मर्ट. त्यात आकृती सरकते, फिरते आणि सगळ्या दिशांना एकाच प्रमाणात लहानमोठी होते. काटकोन काटकोनच राहतात. प्रमाण मोकळं सोडलं तरी ते किती यायला हवं हे मला आधीच माहीत होतं, ०.९९९५१ च्या आसपास. समजा ते १.००३ आलं असतं, तर बिंदू ओळखण्यात कुठेतरी गफलत आहे असं मी धरलं असतं.

चारही दगड घालून हेल्मर्ट चालवलं आणि उरलेल्या चुका पाहिल्या. अ वर ७६ सेंटीमीटर, ब वर जवळजवळ शून्य, क वर ४८, ड वर ९०. पाहताना असं वाटतं की ब सोडला तर सगळेच दगड थोडेथोडे बिघडलेले आहेत. काकांना आकडे वाचून दाखवले, तर ते म्हणाले, "एकेक काढून बघ. तीनावर चालव, चौथा बाहेर ठेव. कोणता काढल्यावर बाकीचे शांत होतात ते सांग."

अ काढला, चुका तशाच. ब, तसंच. क, तसंच. ड काढला आणि उरलेल्या तीन दगडांवरच्या चुका दोन सेंटीमीटरच्या आत आल्या. प्रमाण ०.९९९५१. त्या रूपांतराने ड जिथे यायला हवा होता तिथून रोव्हरचा बिंदू १.८ मीटर लांब होता.

हे मी कागदावर नीट मांडून पाहिलं, कारण मला ते पटत नव्हतं. चूक १.८ मीटरची असताना ड वर फक्त ९० सेंटीमीटर कशी दिसली? चार कोपऱ्यांच्या आयतावर हेल्मर्ट बसवलं की एका कोपऱ्याची चूक निम्मीच त्या कोपऱ्यावर उरते. बाकीची रूपांतर गिळतं आणि शेजारच्या दोन कोपऱ्यांवर टाकतं. जवळच्या शेजाऱ्यावर जास्त, लांबच्यावर कमी. समोरचा कोपरा जवळजवळ स्वच्छ दिसतो. म्हणजे ब वरचं शून्य हीच खरी खूण होती, त्याच्या समोरचा दगड बघ असं सांगणारी. चार बिंदूंवरची सरासरी चूक बघून "चालेल" म्हणणं किती फसवं आहे ते मला इथे कळलं. यापुढे चारपेक्षा जास्त बिंदू मिळत असतील तर मी घेतेच.

मग तीन दगडांचं रूपांतर कायम केलं. टाकीचा कोपरा ३ सेंटीमीटर आणि मनोऱ्याचा पाय ४ सेंटीमीटर फरकाने बसला. हे दोन्ही बिंदू जुळवणीत नव्हते, म्हणून या आकड्यांवर माझा विश्वास बसला. लेआउटच्या प्रत्येक लेयरवर तेच रूपांतर चालवायचं असल्यामुळे `Georeferencer` मध्ये पुन्हापुन्हा क्लिक न करता एक कमांड लिहून ठेवली:

```
qgis_process run native:affinetransform -- \
  INPUT=hadda_mm.gpkg \
  SCALE_X=0.00099951 SCALE_Y=0.00099951 \
  ROTATION_Z=2.4 \
  DELTA_X=480279.64 DELTA_Y=2044078.26 \
  OUTPUT=hadda_utm.gpkg
```

नाव अफाइन असलं तरी दोन्ही प्रमाणं सारखी दिली की ते हेल्मर्टच होतं. प्रमाणाच्या आकड्यात दोन गोष्टी एकत्र आहेत, मिलिमीटरचे मीटर आणि जमिनीचं अंतर जाळीवर. हे अल्गोरिदम आधी प्रमाण, मग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवणं, मग सरकवणं या क्रमाने चालतं. सरकवण्याचे आकडे त्यामुळे आधी फिरवून काढावे लागतात. मी पहिल्या वेळी दगड अ चे दोन आकडे थेट वजा केले आणि लेआउट साठेक मीटर बाजूला गेला. आता `Set Layer CRS` मधून `EPSG:32643` लावलं, आणि यावेळी ते लेबल खरं होतं.

प्लॉटचे बहुभुज करणं हे कंटाळवाणं पण सरळ काम. रेषा कुठे तीन मिलिमीटर अपुऱ्या, कुठे दोनदा काढलेल्या. त्या स्नॅप करून, दुहेरी काढून `Polygonize` केलं आणि प्लॉट क्रमांकाचा मजकूर ज्या बहुभुजात पडतो त्यावरून क्रमांक जोडले. काही क्रमांक ब्लॉकच्या आत होते, ते हाताने घातले.

मग पार्सलचा लेयर चालू केला. लेआउटच्या हद्दीचा आणि पार्सलचा फरक अ वर ०.९ मीटर, ब वर १.७, क वर २.३, ड वर १.२. दिशाही चार ठिकाणी चार. सगळे बाण एकाच दिशेला आणि एकाच लांबीचे असते तर पार्सलचा लेयर अख्खा सरकलेला आहे, कदाचित डेटमची गडबड आहे, असा अर्थ निघाला असता आणि तो एका हालचालीत दुरुस्त झाला असता. इथे तसं नव्हतं. हा १:४००० च्या कागदाचा स्वभाव होता. लेआउटला पार्सलकडे ओढायचं नाही हे ठरलेलंच होतं. पार्सल लेआउटकडे ओढावेत असा मोह मात्र झाला. पण त्या रेषेच्या पलीकडे दुसऱ्याचा भूखंड आहे. माझ्या चार दगडांच्या जोरावर शेजाऱ्याची हद्द सरकवण्याचा मला अधिकार नाही आणि अशी सरकवलेली रेषा पुढे कोणीतरी खरी मानेल याची भीती जास्त होती. पार्सलचा लेयर जसाच्या तसा ठेवला. कोणता प्लॉट कोणत्या भूखंडात हे ठरवताना क्षेत्राचा मोठा हिस्सा जिकडे, तो भूखंड धरला. हद्दीपासून अडीच मीटरच्या आत असलेल्या प्लॉटना "मोजणीने खात्री हवी" असा शेरा दिला.

क्षेत्रफळाची गोष्ट राहिली होती. ड्रॉइंगप्रमाणे हद्दीच्या आतलं क्षेत्र १,०६,२१६ चौरस मीटर. यूटीएममधला बहुभुज `area(@geometry)` ने मोजला तर साधारण १०४ चौरस मीटर कमी. एवढ्यात एखादा लहान प्लॉट मावतो. प्रकल्पाला लंबगोल लावलेला असेल तर `$area` प्रक्षेपणाचा भाग भरून काढतं, पण उंचीचा काढत नाही, म्हणून तेही साधारण १९ चौरस मीटर कमीच येतं. बेरजेला हे चालणार नव्हतं. रूपांतराच्या आधी प्रत्येक प्लॉटचं ड्रॉइंगमधलं क्षेत्र `kshetra_jamin` नावाच्या रकान्यात साठवलं आणि जाळीवरचं वेगळ्या रकान्यात ठेवलं. तक्त्यात जाणारा आकडा पहिल्या रकान्यातला.

दगड ड साठी काका आठवड्याने पुन्हा गेले. मी सोबत होते. पहिल्या वेळी ज्यावर रोव्हर उभा केला होता तो दगड कुंपण घालताना कोणीतरी रोवलेला होता, त्यावर खूणच नव्हती. काढलेले आकडे रोव्हरमध्ये घालून ते चालत गेले आणि झुडपाशी थांबले. पाला बाजूला केला तर जुना दगड होता, एका बाजूला कललेला, माथ्यावर फुलीची खूण. फुलीवर काठी टेकवली, आकडे घेतले. तीन दगडांच्या रूपांतराने सांगितलेल्या जागेपासून तीन सेंटीमीटर. काकांनी वहीत तारीख घातली आणि मी लेयरसोबतच्या नोंदीत दगड ड चा जुना बिंदू रद्द करून हा लिहिला.